गैरहजेरीची नोटीस लिहिताना

‘आपण नेहमीच कोणतीही पूर्वसूचना न देता गैरहजर राहता, वरिष्ठांच्या आदेशांना जुमानत नाही, आपल्या या बेजबाबदार वर्तनामुळे कार्यालयीन कामाचा खोळंबा झाला आहे; सबब आपणांवर शिस्तभंगाची कारवाई का करू नये, याचा खुलासा तीन दिवसांत करावा.’

अशा मजकुराच्या नोटिसा सरकारी कार्यालयांत, शाळांत, सहकारी संस्थांत सर्रास निघतात. वाचताना त्या कडक वाटतात, पण हातात घेऊन उत्तर लिहायला बसलेल्या माणसाची अडचण वेगळीच असते. या वाक्यात तारीख एकही नाही. कोणत्या दिवसाचे कारण द्यायचे ते कळत नाही. ‘मी बेजबाबदार नाही’ एवढेच तो लिहू शकतो, आणि तसेच लिहितो. मग कार्यालय म्हणते की खुलासा असमाधानकारक आहे, आणि प्रकरण वर्षभर तिथेच अडकते. गैरहजेरीचे कारण कोणालाच कळलेले नसते.

कारणे दाखवा नोटीस ही चौकशीच्या आधीची पायरी आहे. आमच्या नोंदीत असे दिसते, तुमचे म्हणणे काय, एवढेच तिने विचारायचे असते. उत्तर ऐकण्याआधीच तिने दोष ठरवून टाकला, तर त्या विचारण्याला अर्थ उरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ओरिक्स फिशरीज या मासळी निर्यात करणाऱ्या कंपनीच्या प्रकरणात हेच मुख्य मानले. नोटिशीतच कंपनी दोषी असल्याचा निष्कर्ष लिहिलेला होता. नोटीस काढणाऱ्याचे मन आधीच बनलेले असेल, तर पुढची सुनावणी हा निव्वळ उपचार ठरतो, असे म्हणून न्यायालयाने ती कारवाई टिकू दिली नाही. प्रकरण निर्यात परवान्याचे होते, पण तत्त्व लिपिकाच्या नोटिशीलाही लागू पडते.

आता एक उदाहरण तपशिलात पाहू. ते रचलेले आहे, मात्र त्यातल्या अडचणी आस्थापना शाखेत बसणाऱ्या कोणालाही ओळखीच्या वाटतील. महाराष्ट्र शासनाच्या तालुका पातळीवरील एका कार्यालयात कनिष्ठ लिपिक आहेत, शासकीय मसुद्यांच्या रिवाजाप्रमाणे त्यांना श्री. अबक म्हणू. जून ते ऑगस्ट २०२५ या काळात ते चार वेळा आले नाहीत. कार्यालय अधीक्षकांनी बायोमेट्रिक यंत्रातून यादी काढली आणि कार्यालयप्रमुखांपुढे टिपणी ठेवली: ९ ते ११ जून, १४ ते १६ जुलै, २४ ते २८ जुलै आणि १८ ते २२ ऑगस्ट, एकूण १६ दिवस.

या टप्प्यावर नोटीस टंकलिखित करायला देण्याचा मोह होतो. तो आवरावा. यंत्राने उमटवलेला ठसा किंवा त्याचा अभाव हा पुरावा आहे, पण तो एकटा पुरेसा नाही. यादीतला प्रत्येक दिवस निदान चार कागदांशी पडताळून पाहायला हवा: स्वाक्षरीचा हजेरीपट, रजा लेखा, आवक-जावक नोंदवही आणि त्या दिवशी बाहेरच्या कामावर कोणाला पाठवले होते त्याची नोंद. आमच्या उदाहरणात ही पडताळणी केली आणि दोन गोष्टी निघाल्या. १६ जुलैला श्री. अबक देयके घेऊन जिल्हा कोषागारात गेले होते, आणि जावक नोंदवहीत त्यांच्या नावापुढे तशी नोंद होती. तो दिवस गैरहजेरीचा नव्हताच. दुसरे म्हणजे २६ आणि २७ जुलै हे शनिवार-रविवार होते. राज्य शासनाचा आठवडा २०२० च्या फेब्रुवारीअखेरीपासून पाच दिवसांचा आहे. त्यामुळे ‘२४ ते २८ जुलै, ५ दिवस’ असे लिहिणे चूक होते, कामकाजाचे दिवस तीनच. सुट्टीचे दिवस रजेत धरायचे की नाही, हा प्रश्न पुढे रजेचा निर्णय करताना येतो. कामावर का आला नाहीत, हे मात्र सुट्टीच्या दिवसाबद्दल विचारता येत नाही.

१६ चे १३ झाले. तीन दिवसांचा फरक क्षुल्लक वाटेल, पण नोटिशीत १६ लिहिले असते तर श्री. अबक यांच्या खुलाशाचे पहिले वाक्य जावक नोंदवहीचा हवाला देणारे असते. ते एक वाक्य उरलेल्या तेरा दिवसांवरही संशय आणते. एक तारीख चुकली की सगळी यादी डोळे झाकून केली असे म्हणायला जागा होते, आणि ते म्हणणे पूर्णपणे अन्यायाचे नसते.

तिसरी गोष्ट अधिक नाजूक. पडताळणी करताना अधीक्षकांना आठवले की १८ ऑगस्टच्या सकाळी त्यांच्या मोबाइलवर व्हॉट्सअॅप संदेश आला होता: आई आजारी आहे, आज येऊ शकत नाही. त्यांनी तो वाचून सोडून दिला होता. मसुद्यात मात्र ‘कोणतीही पूर्वसूचना न देता’ हे शब्द येऊन बसले होते, कारण ते जुन्या नोटिशीतून उतरवलेले होते. निदान त्या एका दिवसापुरते ते शब्द खोटे होते. एक मार्ग असा की संदेश म्हणजे अर्ज नव्हे म्हणून तो दुर्लक्षून जुने शब्द तसेच ठेवायचे. माझ्या मते हा मार्ग धरणारा अधिकारी स्वतःचीच बाजू कमकुवत करतो. दुसरा मार्ग सरळ आहे. संदेश आला हे लिहायचे, त्याच्या पुढे काहीही आले नाही हेही लिहायचे. दोन्ही वस्तुस्थिती आहेत, आणि दुसरी पहिलीमुळे कमी होत नाही. अधीक्षकांनी संदेशाची छापील प्रत काढून, तारीख टाकून, सही करून नस्तीत लावली.

रजा लेख्यात श्री. अबक यांच्या खात्यावर नैमित्तिक रजा शिल्लक होती. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याला वर्षाला आठ दिवस नैमित्तिक रजा मिळते, आणि ‘माझी रजा शिल्लक होतीच की’ हे उत्तर अनेकदा येते. शिल्लक असणे आणि मंजूर होणे यांत फरक आहे, रजा हक्क म्हणून मागता येत नाही. पण हा वाद नोटिशीत आधीच घालायची गरज नसते. रजेचा अर्ज नाही आणि मंजुरीचा आदेश नाही, एवढे नोंदवले की पुरे.

इतके झाल्यावर लिहिलेली नोटीस अशी दिसेल:

विषय: मंजूर रजेशिवाय कार्यालयात अनुपस्थित असल्याबाबत, कारणे दाखवा नोटीस.
संदर्भ: या कार्यालयाचे ज्ञापन, दि. ३० जुलै २०२५.

१. हजेरीपट व बायोमेट्रिक नोंदींनुसार आपण पुढील दिवशी कार्यालयात उपस्थित नव्हता: (अ) ९ ते ११ जून २०२५, कामकाजाचे ३ दिवस, (आ) १४ व १५ जुलै २०२५, २ दिवस, (इ) २४, २५ व २८ जुलै २०२५, ३ दिवस, (ई) १८ ते २२ ऑगस्ट २०२५, ५ दिवस. एकूण कामकाजाचे १३ दिवस.

२. या दिवसांसाठी आपला रजेचा अर्ज किंवा रजा मंजुरीचा आदेश कार्यालयाच्या अभिलेखात आढळून येत नाही.

३. दि. १८ ऑगस्ट २०२५ रोजी सकाळी आई आजारी असल्याने त्या दिवशी येऊ शकत नसल्याचा संदेश आपण कार्यालय अधीक्षक यांना मोबाइलवर पाठवला होता. त्यानंतर दि. २२ ऑगस्टपर्यंत अन्य संदेश, अर्ज किंवा वैद्यकीय कागदपत्र प्राप्त झाल्याची नोंद नाही.

४. वरील (अ) ते (इ) बाबत संदर्भाधीन ज्ञापनाद्वारे आपणांकडून खुलासा मागवण्यात आला होता. ते ज्ञापन दि. ३१ जुलै २०२५ रोजी आपणांस मिळाल्याची आपली स्वाक्षरी आहे. खुलासा प्राप्त झाल्याची नोंद आजपर्यंत आवक नोंदवहीत नाही.

५. या बाबी महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मधील नियम ३ शी विसंगत ठरू शकतात. तरी आपणांविरुद्ध महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ अन्वये कार्यवाही का प्रस्तावित करण्यात येऊ नये, याबाबत आपला लेखी खुलासा ही नोटीस मिळाल्यापासून १० दिवसांत सादर करावा. प्रत्येक कालावधीचे कारण स्वतंत्रपणे नमूद करावे व असल्यास कागदपत्रे जोडावीत. वरीलपैकी कोणतीही नोंद चुकीची असल्यास तेही कळवावे. संबंधित नोंदी कार्यालयीन वेळेत आस्थापना शाखेत पाहता येतील.

६. मुदतीत खुलासा अथवा मुदतवाढीची लेखी विनंती प्राप्त न झाल्यास उपलब्ध अभिलेखाच्या आधारे पुढील निर्णय घेण्यात येईल.

या मजकुरात ‘वारंवार’ हा शब्द नाही. चार कालावधी एकाखाली एक मांडले की वारंवारता वाचणाऱ्याला दिसते, आणि ती नाकारायची असेल तर एखादी तारीख नाकारावी लागते. ‘नेहमीच’ हा शब्द नाकारायला काहीच लागत नाही.

‘हेतुपुरस्सर’ हा शब्दही नाही, आणि त्यामागे कायद्याचे मोठे कारण आहे. २०१२ मध्ये केंद्र सरकारच्या एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की विनापरवानगी गैरहजेरी म्हणजे आपोआप कर्तव्यात कसूर नव्हे. आजारपण, अपघात, इस्पितळातले दाखल होणे अशा माणसाच्या हातात नसलेल्या कारणांनी तो येऊ शकला नसेल, तर ती जाणूनबुजून केलेली गैरहजेरी होत नाही, आणि तसे सिद्ध झाल्याशिवाय गैरवर्तन ठरत नाही. नोटीस लिहिण्याच्या दिवशी कार्यालयाला कारण माहीत नसते, म्हणून तर नोटीस काढायची. मग त्याच कागदावर हेतू कसा लिहिता येईल? नियम ३ कर्तव्यपरायणतेची अपेक्षा ठेवतो. त्याच्याशी ‘विसंगत आहे’ आणि ‘विसंगत ठरू शकते’ यांत तेवढेच अंतर आहे, जेवढे निकाल आणि प्रश्न यांत असते.

कामाच्या खोळंब्याचा उल्लेख मी मुद्दाम गाळला आहे. तो लिहायला हरकत नसते, पण मग खोळंबा दाखवावा लागतो: अमुक देयक अमुक तारखेला कोषागारात जायचे होते, ते अमुक तारखेला गेले, आणि उशीर या अनुपस्थितीमुळेच झाला. असा दुवा नसेल तर ते वाक्य फक्त रागाचे वाक्य उरते. जुन्या प्रकरणांचेही तसेच. श्री. अबक यांना दोन वर्षांपूर्वी एकदा ताकीद मिळाली असेल आणि शिक्षा ठरवताना ती विचारात घ्यायची असेल, तर ती तारखेसह आत्ताच सांगायला हवी. कर्मचाऱ्याला न कळवता त्याच्या पूर्वेतिहासावर शिक्षा वाढवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९६० च्या दशकातच म्हटलेले आहे. ‘आपला पूर्वेतिहास पाहता’ अशी मोघम ओळ मात्र दोन्हीकडून निकामी. कर्मचाऱ्याला तिचे उत्तर देता येत नाही आणि कार्यालयाला तिचा आधार घेता येत नाही.

शेवटच्या परिच्छेदात बहुतेक कार्यालये वेगळे वाक्य वापरतात: मुदतीत खुलासा न आल्यास आरोप मान्य आहेत असे समजण्यात येईल. हे टाळावे. गप्प राहणे म्हणजे कबुली नव्हे. गप्प राहिलेल्या माणसाविरुद्धही नोंदी तपासूनच निर्णय घ्यावा लागतो, म्हणून तेवढेच लिहावे. खासगी कारखान्यांत याहून टोकाचे वाक्य सापडते: इतके दिवस न आल्यास आपण नोकरी सोडली असे समजून नाव पटावरून कमी करण्यात येईल. असेच एक प्रकरण १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. कारखान्याच्या प्रमाणित स्थायी आदेशांतच आठ दिवसांहून जास्त गैरहजेरीबद्दल तशी तरतूद होती. तरीही कामगाराचे म्हणणे न ऐकता त्याला काढणे न्यायालयाने अमान्य केले, त्याला पुन्हा कामावर घ्यायला आणि मागील वेतनाची निम्मी रक्कम द्यायला सांगितले. कामावर येऊ दिले गेले नाही, असे त्या कामगाराचे म्हणणे होते, आणि ते कोणी विचारलेलेच नव्हते.

मुदतीबद्दल दोन शब्द. संधी वाजवी हवी, एवढी अपेक्षा असते. तीन दिवसांत इस्पितळाचे कागद गोळा होत नाहीत. सात ते पंधरा दिवसांचा व्यवहार रूढ आहे, आणि दहा दिवस हा मला मधला, रास्त मार्ग वाटतो. मुदत ‘नोटीस मिळाल्यापासून’ मोजावी, नोटिशीच्या तारखेपासून नव्हे. म्हणून ती मिळाल्याचा दिवस सिद्ध करता यायला हवा. श्री. अबक कामावर परतलेले आहेत, तेव्हा दुय्यम प्रतीवर तारखेसह त्यांची सही घ्यायची. ते घेण्यास नकार देतील तर दोन साक्षीदारांसमक्ष तसा पंचनामा करून, सेवापुस्तकात नोंदवलेल्या पत्त्यावर पोचपावतीसह टपालाने पाठवायची. नोटीस बंद पाकिटात द्यावी. कार्यालयाच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकलेली किंवा फलकावर लावलेली नोटीस कितीही संयत भाषेत असली, तरी ती माणसाला सहकाऱ्यांपुढे उभी करते. तिथे तटस्थपणा संपतो, आणि याबद्दल मला कोणतीही सवलत मान्य नाही. लेखनात ‘आपण’ हेच संबोधन शिपायापासून अधिकाऱ्यापर्यंत सारखे ठेवावे.

ही नोटीस श्री. अबक यांना २ सप्टेंबर २०२५ ला मिळाली आणि दहाव्या दिवशी त्यांचा खुलासा आला, असे समजू. ऑगस्टच्या पाच दिवसांसाठी त्यांनी आईच्या इस्पितळातील दाखल-मुक्ततेचा कागद जोडला, तारखा १८ ते २२. जूनच्या तीन दिवसांसाठी स्वतःला ताप असल्याचे लिहिले आणि गावातल्या डॉक्टरांची चिठ्ठी दिली, तिच्यावर ९ जूनची तारीख होती, पुढच्या दोन दिवसांचा उल्लेख नव्हता. जुलैच्या पाच दिवसांबद्दल ‘घरगुती अडचण’ एवढे दोनच शब्द होते.

नोटिशीत कालावधी वेगळे मांडल्याचा उपयोग इथे होतो. ऑगस्टचे कारण कागदाशी जुळते. त्याबद्दल कार्यवाहीचा विचार सोडून, नियमांनुसार रजेचा अर्ज मागवता येतो. जूनबद्दल १० आणि ११ तारखेचा कागद आहे का, हे एका ओळीच्या पत्राने विचारता येते. जुलैचे उत्तर मिळालेले नाही. तिथे कार्यालयप्रमुखांनी एक सावधगिरी बाळगायला हवी. जुलैच्या दिवसांची रजा घाईने मंजूर करून टाकायची आणि पुढे त्याच दिवसांबद्दल शिक्षा प्रस्तावित करायची, यावरून न्यायालयांत वाद झालेले आहेत. निर्णय होईपर्यंत तो काळ कसा धरायचा, हे स्वतंत्र ठेवावे.

आणि ही नोटीस म्हणजे शिक्षेचा रस्ता पूर्ण झाला असेही नव्हे. वेतनवाढ रोखण्यासारखी किरकोळ शिक्षा द्यायची, तर शिस्त व अपील नियमांतील नियम १० प्रमाणे शिस्तभंगविषयक प्राधिकाऱ्याने ठपक्याच्या बाबी लेखी कळवून पुन्हा म्हणणे मागवावे लागते. बडतर्फीसारख्या मोठ्या शिक्षेसाठी नियम ८ चे दोषारोपपत्र लागते, त्यासोबत जोडपत्रे, कागदपत्रांची आणि साक्षीदारांची यादी, आणि मग विभागीय चौकशी. पाच दिवसांच्या, तेही पहिल्यांदाच न खुलासलेल्या अनुपस्थितीसाठी नियम ८ कडे जाणे मला अवाजवी वाटते. कार्यालयप्रमुखांनी नस्तीवर तसे लिहिले: परिच्छेद १ मधील (ई) बाबत खुलासा मान्य, (अ) बाबत अधिक कागदपत्र मागवावे, (आ) व (इ) बाबत कारणाचा तपशील देण्यास सात दिवसांची आणखी एक संधी द्यावी, त्यानंतर नियम १० खालील प्रस्ताव सक्षम प्राधिकाऱ्याकडे सादर करायचा किंवा कसे, ते ठरवावे.